घर मोखाड्यात, कमाई जव्हारात

आज जव्हारहून मोखाड्याला एसटीने जाताना आपण कुठली सरहद्द ओलांडतो आहोत, असे कोणाच्या मनातही येत नाही. दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यात आहेत आणि त्याआधी दोन्ही ठाणे जिल्ह्यात होते. पण 1948 पर्यंत जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते आणि मोखाडा ब्रिटिश मुलखात, शहापूर तालुक्याला जोडलेला पेटा होता. त्यामुळे आयकराच्या कायद्याला या दोन गावांच्या मध्ये परदेशाची सीमा दिसत असे. माणूस राहतो कुठे आणि कमावतो कुठे, यांपैकी कोणत्या जागेला त्याच्या उत्पन्नावर कर घेण्याचा हक्क आहे, हा प्रश्न आज दुबई आणि न्यू जर्सीची उदाहरणे देऊन मांडला जातो. तो या डोंगरातल्या वाटेवरही खराखुरा उभा होता, आणि तिथून पाहिले तर तो अधिक स्वच्छ दिसतो.

कर मागण्याचे दोन पाये आहेत. पहिला निवासाचा. जो माणूस आमच्यात राहतो, त्याची जगभरातली कमाई मोजून आम्ही कर घेऊ. दुसरा उगमाचा. उत्पन्न आमच्या भूमीत निर्माण झाले, मग कमावणारा कुठेही राहत असो, आमचा वाटा आधी. केवळ आपल्या हद्दीतल्या उत्पन्नापुरता कर घेणाऱ्या पद्धतीला प्रादेशिक करपद्धती म्हणतात. रहिवाशाच्या सगळ्या उत्पन्नाला हात घालणारी ती जागतिक. व्यवहारात बहुतेक देश दोन्ही पायांवर उभे असतात. रहिवाशाला ते जागतिक हिशेब लावतात आणि परक्याला उगमाचा. भांडण सुरू होते ते एकाच रुपयावर दोघांनी हात ठेवल्यावर.

1922 चा आयकर कायदा मुळात जागेकडे पाहणारा होता. उत्पन्न ब्रिटिश हिंदुस्थानात निर्माण झाले, किंवा तिथे हाती पडले, तर कर. बाहेर कमावलेला धंद्याचा नफा रहिवाशाने तीन वर्षांच्या आत हद्दीत आणला तर त्यावरही कर. 1939 च्या दुरुस्तीने हा रोख बदलला. वर्षात 182 दिवस राहण्यासारख्या कसोट्या आल्या, रहिवाशांचे वर्ग पडले, आणि पक्क्या रहिवाशाची बाहेरची कमाई तिथेच ठेवलेली असली तरी करपात्र झाली. फक्त न आणलेल्या अशा उत्पन्नातले 4,500 रुपये सोडून दिले जात. मात्र देशी संस्थानांपुरता जुना नियम टिकला. संस्थानात निर्माण झालेले उत्पन्न ब्रिटिश हद्दीत मिळाले किंवा आणले तरच त्यावर कर, एरवी नाही.

आता मोखाड्यात घर असलेला एक लाकूड कंत्राटदार कल्पनेत उभा करू. त्याने जव्हार संस्थानच्या जंगलातला सागाचा एक कूप घेतला, तिथेच तोड केली, तिथेच माल विकला आणि वर्षाअखेर 10,000 रुपये नफा कमावला. त्यातले 3,000 त्याने घरखर्चाला मोखाड्यात आणले आणि 7,000 जव्हारातल्या सावकाराकडे ठेवले. ब्रिटिश आयकर फक्त 3,000 वर. हाच कूप त्याने मोखाड्याच्या रानात घेतला असता, तर पूर्ण 10,000 वर. आणि उलट, जव्हारात राहणाऱ्या माणसाने मोखाड्याच्या रानात 10,000 कमावले असते, तर तो त्या हद्दीत राहत नसतानाही उगमाच्या हक्काने पूर्ण रकमेवर कर लागला असता. माणूस तोच, मेहनत तीच, सागही एकाच डोंगराचा. कर मात्र नकाशावरच्या रेषेने ठरतो, आणि त्याहून विचित्र म्हणजे नोटा कोणत्या पिशवीतून रेषेपलीकडे गेल्या यावर ठरतो.

निवास, उगम आणि ‘आणले तर कर’ या तिन्हींत शेवटची कसोटी मला सर्वांत वाईट वाटते. ती माणसाची कमाई मोजत नाही आणि कमाईची जागाही मोजत नाही. ती फक्त पैशाची हालचाल मोजते. त्यामुळे पैसा जिथे पडून आहे तिथेच ठेवण्याचे बक्षीस मिळते. ज्याला पोटासाठी सगळी कमाई घरी न्यावीच लागते तो कर भरतो. ज्याच्याकडे शिल्लक राहते त्याची शिल्लक सुटते. शिवाय आणलेले 3,000 यंदाच्या नफ्यातले की पूर्वी धंद्यात घातलेल्या भांडवलातले, हा वाद आलाच. भांडवल परत आणले तर त्यावर कर नाही, नफा आणला तर आहे. हिशेबाच्या वह्या पलीकडे, अधिकारी अलीकडे. निवाडा कशावर करायचा?

तरी ही कसोटी मूर्खपणातून आली नव्हती. ब्रिटिश हद्दीतल्या आयकर अधिकाऱ्याला जव्हारातल्या सावकाराची वही उघडण्याचा अधिकार नव्हता. त्याला दिसत होते ते एवढेच, की पैसा सीमा ओलांडून आला. जे दिसते त्यावरच कर बसवता येतो. निवासाच्या हक्काची खरी मर्यादा इथे आहे, आणि ती नैतिक नाही, माहितीची आहे. जगभरातल्या कमाईवर हक्क सांगणे सोपे आहे, पण ती कमाई दिसली पाहिजे.

उगमाचा हक्क त्या मानाने सोपा वाटतो, कारण जंगल, शेत, दुकान, भाड्याचे घर जागेवर असते. पण उगमही दरवेळी एका जागी सापडत नाही. मुंबईच्या अहमदभाई उमरभाई आणि कंपनीचा खटला या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. या पेढीच्या शेंगदाणा तेलाच्या गिरण्या मुंबईत होत्या आणि एक गिरणी रायचूरला, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानात. रायचूरला काढलेले काही तेल संस्थानात विकले जाई, काही मुंबईत. युद्धकाळातल्या 1940 च्या अतिरिक्त नफा कर कायद्यात, धंद्याच्या एखाद्या भागाचा नफा संस्थानात निर्माण झाला असेल तर तो भाग वेगळा धरण्याची तरतूद होती. मग मुंबईत विकलेल्या तेलाचा नफा कुठला? विक्री मुंबईची, पैसे मुंबईत आले, तेव्हा सगळा नफा मुंबईचा, ही सरकारची बाजू. सर्वोच्च न्यायालयाने 1950 मध्ये वेगळे ठरवले. दाणा फोडून तेल काढण्यातही नफा निर्माण होतो आणि तेवढा वाटा रायचूरचा आहे; नफा फक्त विक्रीच्या गल्ल्यावरच जन्म घेत नाही.

हा निकाल आला तोपर्यंत जव्हारपुरता प्रश्न संपला होता. 1948 मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, 1949 च्या कायद्याने केंद्राचा आयकर विलीन संस्थानांना लागू झाला आणि बदलाची झळ बसू नये म्हणून त्याच वर्षी सवलतींचा आदेशही निघाला. कंत्राटदाराच्या 7,000 रुपयांना आता लपण्याची जागा उरली नाही. पण त्या खटल्यातला विचार शिल्लक राहिला. कारखाना एका देशात, ग्राहक दुसऱ्या देशात आणि मालक तिसऱ्या देशात असलेल्या प्रत्येक कंपनीपुढे आज तोच प्रश्न आहे.

आता दोन्ही बाजू तोलून पाहू.

निवासाच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा माणसाच्या ऐपतीचा आहे. जव्हारच्या बाजारपेठेत दोन दुकानदार शेजारी शेजारी आहेत असे धरा. दोघांची वर्षाची करपात्र कमाई 20 लाख. एकाची सगळी दुकानातून, दुसऱ्याची 10 लाख दुकानातून आणि 10 लाख परदेशातल्या गुंतवणुकीच्या व्याजातून. 2025-26 च्या नव्या कररचनेत पहिल्याचा कर उपकर सोडून 2 लाख होतो. देशाने निव्वळ प्रादेशिक पद्धत घेतली तर दुसऱ्याचे मोजले जाणारे उत्पन्न 10 लाख, आणि 12 लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे त्याचा कर शून्य. दोघे एकच रस्ता, एकच दवाखाना, एकच पोलीस ठाणे वापरतात. चढत्या दराची कररचना माणसाची पूर्ण कमाई पाहिल्याशिवाय न्यायाने चालूच शकत नाही. आणि बाहेर गुंतवणूक करण्याइतका पैसा असलेल्यालाच ही वाट सापडते, सगळे आयुष्य एका दुकानात घालणाऱ्याला नाही.

उगमाच्या बाजूचा मुद्दा जागेच्या वाट्याचा आहे. जंगल, खाण, बाजारपेठ, काम करणारे हात, करार मोडला तर दाद देणारे कोर्ट, हे सगळे उत्पन्नाच्या जागेने पुरवलेले असते. मालक दूर राहतो म्हणून त्या जागेने हात चोळत बसावे का? मोखाडा तालुक्यातल्या मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते. तो आयकराचा विषय नाही, पण संपत्ती एका ठिकाणची आणि उपभोग दुसऱ्या ठिकाणचा असला की पहिल्या ठिकाणाला काय वाटते, हे इथल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. भांडवल आणि मालक बाहेरचे असलेल्या देशांनी नेमके हेच म्हटले आहे. 1923 मध्ये राष्ट्रसंघासाठी ब्रुइन्स, इनाउदी, सेलिग्मन आणि स्टॅम्प या चार अर्थशास्त्रज्ञांनी दुहेरी कराचा अहवाल लिहिला. माणसाचे आर्थिक नाते कोणत्या देशाशी किती, अशी त्यांनी मांडणी केली आणि उत्पन्नाच्या बऱ्याच प्रकारांत झुकते माप निवासाच्या देशाला दिले. चौघेही नेदरलँड्स, इटली, अमेरिका आणि ब्रिटनचे; ज्यांच्या वसाहतीत किंवा बाजारात कमाई होत होती त्यांच्यातला एकही नव्हता. पुढे 1980 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी काढलेल्या नमुना कराराने उगमाच्या देशाला त्यामानाने अधिक जागा दिली, आणि भारताने आपल्या करारांत बराच काळ याच बाजूने जोर लावला आहे.

म्हणजे हा वाद बरोबर-चूक असा नाही. दोन्ही हक्क खरे आहेत. ठरवायचे एवढेच, की पहिला हात कोणाचा, तो किती खोल जावा, आणि दुसऱ्याने पहिल्याचा मान कसा राखावा.

हे प्रत्यक्षात कसे होते ते एका उदाहरणातून पाहू. जव्हारचा एक अभियंता जर्मनीत स्थायिक आहे. वडिलांच्या मागे राहिलेली ठेव त्याच्या नावावर गावातल्या बँकेत एनआरओ खात्यात आहे आणि तिचे वर्षाचे व्याज 1 लाख रुपये. भारतातले त्याचे इतर उत्पन्नही आहे, त्यामुळे हे व्याज करपात्र आहे असे धरू. उगमाच्या हक्काने भारत त्यावर कर घेऊ शकतो, पण जर्मनीशी असलेल्या करारात त्या कराला 10 टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. म्हणून भारताचे 10,000. जर्मनी त्याला रहिवासी मानते आणि जगभरच्या व्याजावर 25 टक्के मूळ कर लावते. अधिभार आणि तिथली सूट बाजूला ठेवली तर 25,000. पण भारतात भरलेल्या 10,000 ची वजावट द्यावी लागते, म्हणून जर्मनीत प्रत्यक्ष 15,000. अभियंत्याने एकूण 25,000 भरले, म्हणजे शेजारच्या जर्मन माणसाइतकेच. जव्हारच्या ठेवीने आपल्या देशाला वाटा दिला, आणि त्याच्या ऐपतीचा हिशेब जर्मनीने पूर्ण केला. दोन्ही पाये शाबूत राहिले.

हाच माणूस दुबईत असता तर? अमिरातीत व्यक्तीच्या उत्पन्नावर आयकर नाही. भारताशी असलेल्या करारात अशा व्याजावर उगमाचा कर 12.5 टक्क्यांपर्यंत येतो. म्हणजे 12,500 आणि बस. वर भर घालणारा कोणी नाही. निवासाच्या देशाने आपला हक्क वापरला नाही तर उगमाच्या देशाने आपला दर कमी का ठेवावा, हा प्रश्न इथे उभा राहतो. भारताने 2020 मध्ये त्याचे अर्धे उत्तर दिले. भारतातले उत्पन्न 15 लाखांहून जास्त असलेला आणि निवासामुळे दुसऱ्या कोणत्याही देशात करपात्र नसलेला भारतीय नागरिक इथला रहिवासी मानला जातो. तरी त्याची परदेशातली मजुरी-पगाराची कमाई यात धरली जात नाही, आणि ते योग्यच आहे. आखातात उन्हात काम करून मिळवलेल्या पगारावर भारताचा उगमाचा हक्क नाही आणि वर्षभर तिथे राहिलेल्यावर निवासाचाही नाही. केवळ पासपोर्टच्या जोरावर कर मागणे, जसे अमेरिका आपल्या नागरिकांकडून जगात कुठेही मागते, ते मला पटत नाही. नागरिक नसूनही, केवळ त्या देशाचे ग्रीन कार्ड न सोडता महाराष्ट्रात परतलेल्या कुटुंबांना दोन्ही देशांत विवरणपत्रे भरत बसावे लागते.

व्यवहारातली अडचण दरात कमी आणि कागदात जास्त आहे. एनआरओ खात्यातल्या व्याजावर बँक सरसकट 30 टक्के आणि वर उपकर कापते. कराराचा 10 टक्क्यांचा दर हवा असेल तर निवासाच्या देशाचे कर-निवास प्रमाणपत्र आधी द्यावे लागते. ते वेळेवर न दिल्यास जादा कापलेली रक्कम विवरणपत्र भरून परत मागावी लागते. जर्मनी वजावट देताना करारानुसार देय असलेलाच कर पाहते, बँकेने कापलेला नव्हे. म्हणून 31,200 कापले गेले आणि परतावा मागितला नाही, तर 21,200 रुपये कायमचे गेले आणि जर्मनीत 15,000 भरावेच लागले. दुहेरी कर टाळण्याचा करार असूनही दुहेरी कर बसतो तो असा. कापलेल्या कराचे प्रमाणपत्र हातात आले की त्यावरचा दर पाहावा. तो करारातल्या दराहून जास्त असेल तर चूक तिथेच दिसते.

जव्हार-मोखाड्याबद्दल बोलताना आणखी एक तरतूद टाळता येत नाही. या दोन्ही तालुक्यांत वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अशा आदिवासी समाजांची मोठी बहुसंख्या आहे आणि दोन्ही पाचव्या अनुसूचीत येतात. तरी इथल्या आदिवासी शिक्षकाला आयकराची ती सूट नाही जी शिलाँगमधल्या खासी शिक्षकाला आहे. ईशान्येतल्या ठरावीक प्रदेशांतल्या आणि लडाखमधल्या अनुसूचित जमातींसाठीची ही सूट निवास आणि उगम दोन्ही मागते. माणूस त्या प्रदेशात राहिला पाहिजे आणि पगार-धंद्याचे उत्पन्नही त्याच प्रदेशातले हवे. मुंबईत नोकरीला आलेल्या खासी अधिकाऱ्याच्या पगाराला ती लागत नाही. कायदा बनवणाऱ्यांनी तिथे समाजाइतकेच महत्त्व भूमीला दिले. ही सूट इथे आणावी असे मी म्हणणार नाही. वीटभट्टीवर जाणाऱ्या मजुराला तिचा काहीच उपयोग नाही, कारण त्याची कमाई करमर्यादेच्या आसपासही पोहोचत नाही. फायदा थोड्या पगारदारांचा होईल. पण देशाच्या आतही आपण काही ठिकाणी प्रादेशिक तत्त्व मान्य केलेले आहे, हे प्रादेशिक पद्धत म्हणजे केवळ करबुडव्यांचे हत्यार असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

माझे मत तोलून सांगायचे तर असे: उगमाचा हात पहिला असावा, पण दराने मर्यादित, निवासाचा हात दुसरा, पूर्ण उत्पन्नावर, आणि पहिल्याने घेतलेल्याची रुपयानिशी वजावट देणारा. 1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या जागी आलेल्या 2025 च्या आयकर कायद्यातही निवास आणि उगमाची ही जुनी चौकट कायम आहे, आणि ती कायम राहावी. 2017 पासून देशादेशांत बँक खात्यांच्या माहितीची आपोआप देवाणघेवाण भारताने सुरू केली आहे, म्हणजे जव्हारच्या सावकाराची वही आता अलीकडच्या अधिकाऱ्यालाही वाचता येते. जागतिक कराविरुद्ध माहितीचा जो मोठा आक्षेप होता त्याची धार गेली आहे.

पण लहान माणसासाठी 1939 च्या दुरुस्तीत जी समज होती ती आजच्या कायद्यात नाही. बरीच वर्षे बाहेर काढून परतणाऱ्याला सुरुवातीची साधारण दोन-तीन वर्षे ‘साधारण रहिवासी नसलेला’ हा दर्जा मिळतो आणि परदेशी व्याज सुटते. नंतर मात्र तिकडे विसरून राहिलेल्या छोट्या खात्यातले दीडशे युरो व्याजही दाखवावे लागते, परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावा लागतो, आणि तो न भरल्यास 2015 च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली 10 लाखांच्या दंडाची तलवार असते. ऑक्टोबर 2024 पासून स्थावर सोडून 20 लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्या दंडातून वगळले, हे चांगले झाले. त्याच्या पुढचे पाऊल म्हणजे उत्पन्नाचीही एक लहान मर्यादा. तेव्हाच्या 4,500 रुपयांसारखी, समजा 50,000 रुपयांपर्यंतचे परदेशी व्याज आणि लाभांश करातून व तक्त्यातून वगळावे, आणि ही रक्कम महागाईप्रमाणे ठरावीक वर्षांनी वाढवावी. मोठ्या गुंतवणूकदाराला यातून काही मिळत नाही, आणि तेल कंपनीतली नोकरी संपवून जव्हारला परतलेल्या फिटरला सनदी लेखापालाची फी वाचते.